‘किरकोळ बदल आहेत’

मेल आला १२ ऑगस्टच्या संध्याकाळी, शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत दुसरी पाळी कामाला लागल्यावर. विषयाच्या जागी लिहिलं होतं, ‘सॅम्पलबाबत किरकोळ बदल’. खाली चार मुद्दे होते. सॅम्पल गिऱ्हाइकाकडे गेले होते ५ जुलैला, त्यावरचं मत दहा दिवसांत कळवायचं ठरलं होतं आणि ६०० नगांचा पहिला लॉट पुण्यात पोचायचा होता २५ ऑगस्टला. म्हणजे दहा दिवसांचं उत्तर अडतीस दिवसांनी आलं आणि माल द्यायला तेरा दिवस उरले. त्या तेरात पंधरा ऑगस्टची सुट्टी होती, आणि २५ च्या पुढे दोनच दिवसांवर गणपती. कोल्हापुरात कारखाना चालवणाऱ्याला गणपती म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आरतीच्या आदल्या दिवशी मोल्डिंगवरची निम्मी माणसं गावी गेलेली असतात, ती गौरी-विसर्जनाशिवाय उगवत नाहीत.

या फाउंड्रीच्या मालकांनी मेल, चलनं, डायरी सगळं समोर ठेवलं. अट एकच होती, त्यांचं नाव छापायचं नाही आणि गिऱ्हाइकाचंही नाही. वाचायला सोपं जावं म्हणून काही आकडे मी ढोबळ केले आहेत. प्रसंग मात्र असा की, कोल्हापुरातल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला तो आपलाच वाटेल. या जिल्ह्यात अडीचशे-तीनशे फाउंड्र्या आहेत. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं करता करता शिवाजी उद्यमनगरात हा धंदा रुजला, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा पसरला. त्या काळी इंजिनवाला स्वतः येऊन पॅटर्नशेजारी उभा राहायचा आणि ‘हितं जरा जाड करा’ म्हणून बोटानं दाखवायचा. आता गिऱ्हाईक म्हणजे ट्रॅक्टरची, ट्रकची, पंपाची मोठी कंपनी, आणि तिचं बोट चार खात्यांतून फिरून येतं.

नग साधा होता. ट्रॅक्टरच्या मागच्या अ‍ॅक्सलला लागणारं बेअरिंग हाउसिंग, राखी बीड, वजन १४ किलो. मध्ये बेअरिंग बसायचं भोक, भोवती गोल फ्लँज, फ्लँजला आधार देणाऱ्या चार रिब. बाहेरचा आकार पॅटर्नवरून वाळूत उमटतो. भोकाच्या जागी कोअर ठेवतात, म्हणजे कोअर बॉक्समध्ये वेगळी तयार केलेली वाळूची कांडी. तिच्याभोवती साधारण १४०० अंशांचा रस ओतला की कांडीच्या जागी पोकळी राहते. मग कास्टिंग मशीन शॉपमध्ये जातं, तिथे फ्लँजचा चेहरा आणि भोक कापून नेमक्या मापाला आणतात. कापण्यासाठी ठेवलेलं जादा मटेरियल म्हणजे मशिनिंग अलाउन्स. इथे फ्लँजवर ते अडीच मिलिमीटर होतं आणि भोकात बाजूला दोन.

वाहनउद्योगात असा नवा नग मंजूर करून घेण्याची पद्धत ठरलेली आहे. अमेरिकन वाहन कंपन्यांच्या संघटनेनं तयार केलेली पीपीएपी नावाची ती कार्यपद्धती आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कंपन्या कमी-अधिक फरकानं पाळतात. सॅम्पल द्यायचे, सोबत मापांचा तक्ता, मटेरियलचा रिपोर्ट वगैरे कागद द्यायचे आणि मंजुरी आल्याशिवाय लॉट पाठवायचा नाही. मंजुरीचा निकाल तीन तऱ्हांचा असतो: पूर्ण मंजूर, नामंजूर, आणि या दोहोंच्या मधली तात्पुरती मंजुरी. ती ठरावीक नगांपुरती किंवा ठरावीक मुदतीपुरती असते. हा तिसरा निकाल फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. या गोष्टीत तोच कामाला आला.

उशीर का झाला ते आधी सांगितलं पाहिजे, कारण तोवर गिऱ्हाईक खलनायक वाटत राहील. सॅम्पल वीस गेले होते. ते कापून बघायचे म्हणजे मशीन शॉपला फिक्श्चर हवं, नग मशीनवर घट्ट धरून ठेवणारी ती चौकट. फिक्श्चर दुसऱ्याच कारखान्यात बनत होतं आणि ते २ ऑगस्टला आलं. ७ तारखेला सॅम्पल कापले गेले. दरम्यान डिझाइन खात्यात एका जुन्या नमुन्याच्या चाचणीत रिबच्या मुळाशी तडा गेला होता, त्यांनी ड्रॉइंग बदलायला घेतलं. मशीन शॉप आणि डिझाइन खातं, दोघंही परचेसला काही सांगत नव्हते. परचेस मात्र दर आठवड्याला फाउंड्रीला शेड्यूल पाठवत होतं आणि त्यात २५ ऑगस्ट तसाच होता. ज्यानं उशीर केला त्याला तारीख माहीत नव्हती, आणि ज्याला तारीख माहीत होती त्याला उशिराचा पत्ता नव्हता. उशिरा येणारे अभिप्राय बरेचदा असेच घडतात. म्हणून अशा मेलला उत्तर देताना फाउंड्रीवाल्यानं पहिली गोष्ट कुठली करावी, तर मेल ज्यानं पाठवला त्याच्यासोबत परचेस, क्वालिटी आणि डिझाइन अशा तिघांनाही त्या उत्तरात घ्यावं. या मालकांनी तेच केलं.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट त्यांच्या बाजूनं होती. १५ जुलैला मुदत संपली तेव्हा त्यांनी फोन केला. ‘बघतो की, दोन दिवसांत सांगतो,’ असं उत्तर आलं. २२ जुलैला परत फोन, परत तेच. आपल्याकडे इथं बहुतेक जण थांबतात. साहेबांना किती वेळा टोचायचं! या मालकांनी २४ जुलैला चार ओळींचा मेल टाकला. सॅम्पलबाबत अजून काही कळलेलं नाही. २५ ऑगस्टची तारीख गाठायची तर १ ऑगस्टला कोअर करायला घ्यावे लागतील. आम्ही सध्याच्या ड्रॉइंगप्रमाणे, म्हणजे रिव्हिजन बी प्रमाणे, कोअर सुरू करतो आहोत. रस ओतणं मंजुरी येईपर्यंत थांबवू. त्यानंतर बदल आले तर तयार कोअरचा खर्च आणि तारीख, दोन्ही पुन्हा बोलावं लागेल. या मेललाही उत्तर आलं नाही. पण तो गेला होता.

त्या मेलमधली एक बारीक गोष्ट मला धंद्याची अक्कल वाटते. त्यांनी सगळं काम सुरू केलं नाही आणि सगळं थांबवलंही नाही. कोअर फुकट गेला तर वाळू, रेझिन आणि मजुरी जाते. ओतलेलं कास्टिंग फुकट गेलं तर भट्टीची वीजही जाते, आणि फाउंड्रीत विजेचं बिल हा सगळ्यात बोचरा खर्च. शिवाय ओतलेला माल डोळ्यांसमोर पडून राहिला की तो कसाही खपवायचा मोह होतो. म्हणून धोका कोअरपुरताच घ्यायचा असं ठरलं. १२ ऑगस्टला मेल आला तेव्हा ३५० कोअर रॅकवर होते आणि कास्टिंग एकही नव्हतं.

आता ते चार मुद्दे. पहिला, फ्लँजवरचं अलाउन्स अडीचवरून चार मिलिमीटर करा. दुसरा, तयार भोकाचं माप ६६ ऐवजी ६८ मिलिमीटर होणार, बेअरिंग बदललं आहे, त्याप्रमाणे कोअर बदला. तिसरा, रिब आणि फ्लँजच्या कोपऱ्यातली गोलाई ३ मिलिमीटरची ६ करा. चौथा, पार्ट नंबर रिबच्या डाव्या बाजूला आहे तो उजवीकडे घ्या, असेंब्लीच्या माणसाला तिथून वाचता येतो.

चारही एकदम मान्य केले असते तर काय झालं असतं याचा हिशेब मालकांनी त्याच रात्री मांडला. पॅटर्न आणि कोअर बॉक्सचं काम चार दिवस, नवे सॅम्पल ओतून थंड करून, साफ करून, कापून बघायला चार दिवस, मग त्यावर पुन्हा गिऱ्हाइकाचं मत. पहिल्या वेळी त्यांना अडतीस दिवस लागले होते! सरळ नाही म्हणावं तर रिबला तडे जाणारा नग कोण घेईल? मोठ्या गिऱ्हाइकासमोर बसलेला छोटा पुरवठादार सहसा या दोन टोकांपैकी एक धरतो: होय म्हणतो आणि रात्रपाळ्या लावून माणसं मारतो, किंवा मनात चरफडत तारीख चुकवतो आणि कारण नंतर सांगतो.

त्यांनी चारही मुद्दे वेगवेगळे केले. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या. हे मूळ ड्रॉइंगमध्ये होतं का? नसेल तर ते पहिल्याच लॉटला हवं का? आणि ते केलं तर वाळूत, कोअरमध्ये, रसात काय बदलतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘होतं’ असेल तर चूक फाउंड्रीची, खर्च आणि दमछाक तिची. ‘नव्हतं’ असेल तर तो बदल आहे, त्याला नवा रिव्हिजन नंबर, नवी तारीख आणि नवा पैसा लागतो. मेलमध्ये सगळे मुद्दे एकाच सुरात लिहिलेले होते. त्यातला कुठला दोष आहे आणि कुठला नवी मागणी, हे वाचून कळत नव्हतं. मेल लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नसावं.

पहिल्या मुद्द्यासाठी ते १३ तारखेला सकाळीच गाडी काढून मशीन शॉपला गेले. अलाउन्स वाढवा असं का म्हणता, असं विचारल्यावर तिथल्या माणसानं तीन कास्टिंग पुढे ठेवली. कापलेल्या फ्लँजवर एका कडेला कोयत्याच्या आकाराचा काळा पट्टा राहिला होता, म्हणजे तिथे टूल पोचलंच नव्हतं. वीसपैकी तीन नग असे. आता काळं राहिलं म्हणजे मटेरियल कमी पडलं, हा सरळ निष्कर्ष. पण पट्टा तिन्ही नगांवर एकाच बाजूला होता. मटेरियल सगळीकडेच कमी असतं तर तो कुठेही दिसला असता. एकाच बाजूला राहतो म्हणजे नग फिक्श्चरमध्ये तिरका बसतोय. मालकांनी नग उलटा केला. फिक्श्चर त्याला खालून तीन ठिकाणी टेकवतं. त्यातलं एक टेकू नेमकं त्या जागेशेजारी येत होतं जिथून रस आत शिरतो. ओतल्यावर तो गेट तोडतात आणि तुटलेला भाग ग्राइंडरनं घासतात. तीन नगांवर तो नीट घासला गेला नव्हता, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा उंचवटा राहिला होता. टेकू त्यावर बसत होतं. नग तिरका होत होता आणि समोरच्या कडेला टूल पोचत नव्हतं.

पॅटर्नवर दीड मिलिमीटर चढवलं असतं तर हा दोष झाकला गेला असता, पण प्रत्येक नगात जादा लोखंड ओतावं लागलं असतं आणि ते कापायला मशीनचा जादा वेळ गेला असता, कायमचा. त्याऐवजी फेटलिंगवाल्याला एक साधा गेज करून दिला. गेट घासल्यावर त्यावरून पट्टी फिरवायची, अडली तर पुन्हा घास. चूक फाउंड्रीची होती आणि ती तशीच लिहून दिली. मला हा दिवस या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात किमती वाटतो. गिऱ्हाईक जेव्हा उपाय सांगतं तेव्हा त्याला दुखणं विचारावं लागतं, आणि उशिरा आलेल्या अभिप्रायात तर हमखास, कारण घाईत माणूस दुखणं सोडून उपायच लिहितो. एका फेरीत चारातला एक मुद्दा गळाला आणि पॅटर्नचे दोन दिवस वाचले.

दुसरा मुद्दा कोअरचा. इथे पॅटर्न-मिस्त्रींचं काम बघण्यासारखं असतं. पॅटर्न हा नगासारखाच असतो, त्यामुळे नग जाड करायचा तर पॅटर्नवर चढवावं लागतं आणि बारीक करायचा तर पॅटर्न घासायचा. कोअर बॉक्स मात्र कोअरचा साचा. तो कापला की कोअर जाड होतो आणि नगातलं भोक मोठं होतं. कापणं सोपं, एकदा मशीनवर बसवला की झालं. चढवणं अवघड, नवा तुकडा बसवावा लागतो. भोक ६६ चं ६८ होणार होतं, म्हणजे बॉक्स कापायचा होता. सोप्या दिशेचा बदल. पण खरी गंमत पुढे होती. जुन्या कोअरनं पडणारं भोक ६२ चं. ते ६६ ला नेताना बाजूला दोन मिलिमीटर कापायचे होते, आता ६८ ला नेताना तीन. म्हणजे जुन्या कोअरचा नगही चालणार होता! मशीन शॉपला एक मिलिमीटर जास्त कापावं लागणार, एवढंच. हेच भोक मोठं होण्याऐवजी लहान झालं असतं तर ३५० कोअर थेट वाळूच्या ढिगावर गेले असते. म्हणून प्रस्ताव असा गेला की पहिले नग जुन्या कोअरचे घ्या, त्यापुरतं डेव्हिएशन द्या, दुसऱ्या लॉटपासून कोअर बॉक्स कापून देतो.

तिसरा मुद्दा टाळता येत नव्हता. तडा गेलेला नग ट्रॅक्टरच्या अ‍ॅक्सलवर जाणार म्हटल्यावर तिथे सवलत मागायची नाही, हे मालकांचं पहिल्यापासून ठरलं होतं. गोलाई वाढवायची म्हणजे पॅटर्नच्या कोपऱ्यात इपॉक्सीचा लेप द्यायचा आणि गोळी फिरवून ६ मिलिमीटरला आणायचा. मिस्त्रींना विचारलं, ‘किती वेळ लागंल?’ ते म्हणाले, ‘लावायला काय, तासाभराचं काम हाय. वाळायला रात्र लागंल की.’ १३ च्या रात्री लेप वाळला, १४ ला सहा नग ओतले.

इथेच सगळी घाईची गणितं फसतात, कारण गोलाई वाढवणं हे कागदावर निव्वळ माप असतं, रसाला मात्र ते वेगळंच जाणवतं. कोपरा गोल केला म्हणजे तिथे लोखंडाचा साठा वाढला. तो भाग आजूबाजूपेक्षा उशिरा गोठतो. बाकीचं गोठताना त्याला रस मिळेनासा होतो आणि आत स्पंजासारखी बारीक भोकं राहतात. बाहेरून काही दिसत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर दोन माणसांनी नग वाळूतून काढले, १६ ला दोन नग रिबवरून करवतीनं आडवे कापले. एका नगाच्या कापलेल्या तोंडावर, बरोबर त्या नव्या गोलाईच्या पोटात, मुगाएवढा खरबरीत ठिपका होता. तडा टाळायला म्हणून वाढवलेल्या जागीच पोकळी!

उपाय फाउंड्रीत जुनाच आहे. वाळूत त्या कोपऱ्याशी लोखंडाचा तुकडा बसवायचा, चिल म्हणतात त्याला. तो तिथली उष्णता ओढून घेतो आणि कोपरा वेळेत गोठतो. राख्या बिडात त्याची एक खोड आहे. चिलला चिकटलेलं लोखंड फार लवकर थंड झालं तर पांढरं आणि काचेसारखं कडक होतं, त्यावर टूल घसरतं. पण या कोपऱ्यात मशिनिंग नव्हतं, आणि कडकपणा तपासून घेतला. १७ ला दुसरी ट्रायल झाली. १८ ला चार नग कापले, चारही स्वच्छ. कापलेल्या तुकड्यांचे फोटो आणि मापं त्याच दुपारी गेली. ‘किरकोळ बदला’चा खरा वेळ असा पाच दिवसांचा होता, आणि मेल आल्या रात्री ‘करून टाकतो साहेब’ असं म्हणून सगळे ६०० ओतले असते तर ती पोकळी ट्रॅक्टर शेतात गेल्यावर कळली असती.

चौथा मुद्दा अर्धाच घेतला. नंबर हलवायचं काम दुसऱ्या लॉटवर टाकलं. पण त्याच्याशेजारी रिव्हिजनचं एक छोटं अक्षर मात्र लगेच चिकटवलं. नव्या गोलाईचा नग आणि जुने सॅम्पल बघून वेगळे ओळखता येत नाहीत. उद्या कुठे तडा सापडला तर तो कुठला नग हे सांगायला ते अक्षर लागतं.

आता तारखेचं बोलायचं होतं. तोवर सगळे ६०० या आकड्याला धरून बोलत होते. त्यांच्या साच्यात एका बॉक्समध्ये दोन नग, दिवसाला साठ बॉक्स, म्हणजे रोज १२० नग. १९ पासून ओतायला घेतले तर २२ च्या रात्रीपर्यंत ४८०. त्यातले शेकडा सहा-सात रिजेक्शनमध्ये जाणार. घासणं, शॉट ब्लास्टिंग, प्रायमर यांना दीड-दोन दिवस. २४ च्या रात्री ट्रक निघायचा तर ४०० नग खात्रीनं, ६०० कोणत्याही हिशेबात नाही. मालकांनी परचेसला सरळ विचारलं की २५ तारखेला तुमच्या लाइनवर रोज किती लागणार? उत्तर आलं, चाळीस. म्हणजे ४०० नग दहा दिवस पुरत होते आणि उरलेले २०० गौरी-विसर्जनानंतर आले तरी लाइन थांबत नव्हती. हे आधी कुणी विचारलं नव्हतं. शेड्यूलमधली तारीख बऱ्याचदा गोदामाची असते, गरजेची नसते, आणि मधली फट फक्त गिऱ्हाइकालाच ठाऊक असते.

१८ ला संध्याकाळी जो मेल गेला तो पानभराचा होता आणि त्यात एकही तक्रारीचा शब्द नव्हता. अभिप्राय १२ ऑगस्टला मिळाला. मुद्दा एक, दोष आमचा, दुरुस्त केला. मुद्दा दोन, रिव्हिजन सी चा बदल, ४०० नगांपुरती तात्पुरती मंजुरी द्यावी. मुद्दा तीन, केला, ट्रायलचा अहवाल सोबत. मुद्दा चार, दुसऱ्या लॉटपासून. २५ ऑगस्टला ४००, ८ सप्टेंबरपर्यंत २००. १९ ला सकाळी दहापर्यंत लेखी होकार आला तरच या तारखा, त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला तारीख एकेका दिवसानं पुढे. शेवटच्या वाक्याबद्दल त्यांच्या मुलाला धाकधूक होती. मोठ्या साहेबांना वेळ घालून देणं बरं दिसतं का? पण ती धमकी नव्हतीच. भट्टी कधी लावायची याचा तो हिशेब होता. होकार साडेनऊला आला. साडेदहाला पहिला रस उतरला.

कायद्यात यातलं बरंच लिहून ठेवलेलं आहे, फक्त कुणी ते वापरत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ६७ मध्ये असं आहे की, काम करून घेणाऱ्यानं काम करणाऱ्याला लागणाऱ्या वाजवी सोयी दिल्या नाहीत, तर त्यामुळे जे काम झालं नाही त्याचा दोष काम करणाऱ्यावर येत नाही. कायद्यानं दिलेलं उदाहरणही मजेचं आहे. घर दुरुस्त करायला माणूस लावला आणि दुरुस्ती कुठे करायची हेच मालकानं दाखवलं नाही, तर काम न झाल्याबद्दल त्या माणसाला दोष नाही. सॅम्पलवर महिनाभर न बोलणं हे त्याच जातीचं. पण ‘त्यामुळे’ हा शब्द तिथे महत्त्वाचा. उशीर गिऱ्हाइकामुळे झाला हे तारीखवार दाखवता आलं पाहिजे, आणि २४ जुलैचा तो मेल नसता तर दाखवायला काही नव्हतं. कलम ६३ प्रमाणे मुदत वाढवून देणं हे काम करून घेणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून नवी तारीख त्याच्याकडून लेखी घ्यायची, आपणच परस्पर गृहीत धरायची नाही.

लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात आणखी एक सोय आहे. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत गिऱ्हाइकानं लेखी हरकत घेतली नाही, तर पैशाच्या मुदतीसाठी तो माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात, आणि तिथून जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. पण हे कलम बिलाच्या पैशाचं संरक्षण करतं. सॅम्पलची तांत्रिक मंजुरी ही वेगळी गोष्ट, तिला ते लागू करायला गेलं तर वकीलही हसेल. पंधरा दिवस गप्प राहिले म्हणजे पॅटर्न मंजूर, असं कुणी धरून चालू नये. ती अट स्वतःच्या ऑर्डरमध्ये किंवा सॅम्पलसोबतच्या पत्रात आपणच घालावी लागते. आणि वर्षाला कोट्यवधींचं काम देणाऱ्या कंपनीवर कुणी कलम ६७ घेऊन कोर्टात जात नाही. हे कागद उपयोगी पडतात ते नंतर, लाइन थांबल्याबद्दल डेबिट नोट येते तेव्हा. त्या वेळी कोणाकडे तारखा आहेत, यावर रक्कम ठरते.

या प्रकरणात डेबिट नोट आली नाही. ४०० नग २५ तारखेला सकाळी उतरले. मशीन शॉपनं जादा एक मिलिमीटर कापण्याचे पैसे मागितले, ते कंपनीनं दिले, कारण बेअरिंग त्यांनी बदललं होतं. कोअर बॉक्स कापण्याचा खर्च बिलात लावला, तोही मिळाला. दोन ट्रायलच्या नगांचे पैसे मात्र मिळाले नाहीत. परचेसचं म्हणणं, ट्रायल ही तुमची प्रक्रिया. मालकांनी त्यावर फार ताणलं नाही. ताणायला हवं होतं असं मला वाटतं. गोलाईचा बदल कंपनीचा होता, पोकळी त्यातून आली, आणि ही छोटी रक्कम एकदा सोडली की पुढच्या प्रत्येक बदलाला ट्रायल फुकट, असा पायंडा पडतो. ते म्हणाले, ‘वर्षभर काम करायचंय त्यांच्याबरोबर.’ त्यांचा धंदा आहे, निर्णय त्यांचा.

उरलेले २०० नग ८ सप्टेंबरला गेले नाहीत. ते ११ ला गेले. मोल्डिंगवरची तीन माणसं विसर्जनानंतरही आणखी चार दिवस गावीच राहिली होती. हे गिऱ्हाइकाला ६ तारखेला कळवलं गेलं होतं, आणि त्यांच्याकडे तोवर काही नग शिल्लक होते.

पुढच्या नगाचे सॅम्पल दसऱ्याआधी गेले. सोबतच्या पत्रात आता दोन ओळी जास्त आहेत: सॅम्पलवर मत कोण देणार त्या तिन्ही खात्यांच्या माणसांची नावं, आणि दहाव्या दिवसानंतर आलेल्या प्रत्येक बदलाला लॉटची तारीख तितकेच दिवस पुढे जाईल हे वाक्य. क्वालिटीनं सही करून पत्र परत पाठवलं. परचेसची सही अजून यायची आहे.